खेळ संपला, खिचडी अजून यायची आहे

बालवाडीत सगळ्यात जास्त आरडाओरडा कधी होतो, हे एकदा नीट बघा. गोष्ट चालू असताना होत नाही. मुलं ठोकळ्यांत रमलेली असताना होत नाही. एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या वेळात तो होतो. खेळ थांबलाय, हात धुवायचेत, नळ एकच आहे आणि पातेलं अजून शेगडीवरून उतरायचंय. ढकलाढकली, चावे, रडारड आणि तुमचा चढलेला आवाज, सगळं या मधल्या वेळात.

बालवाडीच्या ताईंनो, अंगणवाडीच्या सेविकांनो, आज या मधल्या वेळाबद्दलच बोलू या. दिवसभरात अशा वेळा बऱ्याच येतात. आई सोडून जाते तेव्हा, अंगणातून आत येताना, गोष्टीला बसताना, घरी जाताना. सगळ्यांची चर्चा करत बसले तर हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच घेते. खेळातून जेवणाकडे जायची वेळ. ती सगळ्यात अवघड. तिच्यात आवरणं आहे, चालणं आहे, पाणी आहे, थांबणं आहे आणि पोटात भूक आहे. ही बसली की बाकीच्या तुम्ही स्वतःच बसवाल.

समजा तुमच्याकडे २४ मुलं आहेत. तीन ते सहा वर्षांची, सगळी एकाच खोलीत. तुम्ही आणि एक मदतनीस. बाहेर ओट्याजवळ एक नळ किंवा पाण्याचं पिंप. साडेअकराला जेवण. आता अकरा वाजून पाच मिनिटं झाली आहेत.

सगळ्यात आधी, टाळ्या वाजवून "चला, आवरा" असं ओरडू नका.

तीन वर्षांच्या मुलाला मिनिट दिसत नाही. त्याला समोरचं अर्धं झालेलं घर दिसतं. ते तुम्ही मध्येच मोडायला लावलंत तर तो रडणार, आणि त्याचं रडणं रास्त आहे. म्हणून आवरायच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक घोळक्याजवळ जा. उकिडव्या बसा, म्हणजे तुमचं तोंड त्यांच्या तोंडासमोर येईल. मग त्यांना मोजता येईल अशा मापात सांगा. ठोकळेवाल्यांना म्हणा, "अजून एक भिंत बांधा, मग आवरायचं." मणी ओवणाऱ्यांना म्हणा, "अजून पाच मणी." भातुकलीवाल्यांना म्हणा, "पाहुण्यांचा चहा होऊ दे, मग भांडी ठेवू." दारातून सगळ्यांना एकदम सांगितलेलं कुणालाच सांगितल्यासारखं होत नाही. प्रत्येक मुलाला वाटतं, ते दुसऱ्यालाच सांगितलं.

कुणाचं घर फारच छान झालं असेल तर ते मोडायला लावू नका. एक कोपरा "राहू दे" म्हणून ठेवा. जेवणानंतर पुन्हा खेळायला मिळणार, हे कळलं की मूल उठतं.

पाच मिनिटं झाली की खूण करा. घुंगरू असेल तर दोनदा हलवा, नसेल तर वाटीवर चमचा वाजवा. शिट्टी नको. शिट्टी अंगणासाठी ठेवा. बंद खोलीत ती कानात बसते आणि लहानगी दचकतात. खूण रोज तीच असू द्या.

आणि मग गाणं. या गाण्याचं काय करायचं ते नीट समजून घ्या, कारण इथेच पुष्कळ जणींचं चुकतं.

भाताच्या कापणीला बाया भलरी म्हणतात, ती तुमच्यापैकी कित्येकींनी ऐकली असेल. ओळीतले सगळे हात एका लयीत चालावेत, कुणी फार पुढे जाऊ नये, कुणी मागे राहू नये, म्हणून ती म्हणायची. आवरण्याच्या गाण्याचंही काम तेच. मुलांना रिझवायला दुसरी गाणी भरपूर आहेत. हे गाणं हाताला लय देतं, आणि काम कुठे सुरू झालं, कुठे संपणार, हे मुलाला कळतं.

म्हणून हे गाणं छोटं हवं. चार ओळी पुरेत. त्यात कामाचीच नावं हवीत. चाल सावकाश हवी, मुलाचा हात जमिनीवरून डब्यापर्यंत जाईल इतकी. मी एक देते. तुम्ही तुमच्या खोलीतल्या वस्तू घालून बदला.

ठोकळे गेले पेटीत,
मणी गेले वाटीत,
बाहुली निजली खाटेवर,
पाट्या बसल्या पाटावर.

चाल तुमच्या गावात ओवीची असेल ती लावा, भोंडल्याची लावा. मुलांच्या कानावर असलेली चाल लवकर बसते. गळा गोड नसला तरी काही बिघडत नाही. मुलं तुमचा सूर तपासत नाहीत.

पहिली ओळ म्हणताना तुम्ही स्वतः खाली वाका आणि पहिला ठोकळा पेटीत टाका. हे फार महत्त्वाचं. उभं राहून, कमरेवर हात ठेवून म्हटलेलं गाणं नुसतं ऐकायचं होऊन जातं. तुमचे हात चालले की मुलांचे चालतात.

गाणं तीनदा म्हणा, रोज तीनदाच. पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात, दुसऱ्यांदा थोडं हळू, तिसऱ्यांदा अगदी खालच्या आवाजात. आवाज खाली आला की खोलीही खाली येते, कारण तुमचं ऐकू यावं म्हणून मुलांना गप्प व्हावं लागतं. आणि तिसरी फेरी ऐकली की मुलाला आपोआप कळतं, आता संपणार. दोन आठवड्यांत तुम्हाला दिसेल, काही मुलं तिसरी फेरी सुरू होताच भराभर हात चालवू लागतात. तुम्ही काही न सांगता.

तीन फेऱ्यांत आवरून झालं नाही तर? तर गाणं थांबवा आणि उरलेलं न गाता उचला, दोन मोठ्या मुलांना हाताशी घेऊन. आवरेपर्यंत सात-आठ फेऱ्या म्हणत राहिलात तर गाण्याचा शेवट कुठे, हे मुलांना कळायचं बंद होतं. मग ते गाणं दिवसभर चालू असलेल्या रेडिओसारखं मागे वाजत राहतं आणि मुलं त्याच्यासमोर खेळत राहतात. रोजच उरत असेल तर गाणं लांबवू नका, खेळणी कमी काढा. २४ मुलांना एका वेळी चार प्रकारची खेळणी पुरतात.

शर्यत लावू नका. "बघू कोण आधी आवरतं!" हे म्हणायला सोपं आहे, पण त्यातून काय होतं ते बघा. मणी ठोकळ्यांच्या पेटीत जातात. दोन चपळ मुलं रोज जिंकतात. सावकाश चालणारं मूल तिसऱ्या दिवशी आवरायचंच सोडून देतं. तसंच, "गाणं संपायच्या आत आवरलं नाही तर जेवायला उशिरा बसाल" अशी भीतीही घालू नका. एकदा गाण्याला धाक चिकटला की मुलं ते गाणं सुरू झाल्यावर तुमच्या तोंडाकडे बघतात, ठोकळ्यांकडे नाही. आणि जेवण अडवून धरायचं तर नावच काढू नका.

मोबाइलवर गाणं लावू का, असं बऱ्याच ताई विचारतात. या कामाला लावू नका. मोबाइल मुलासाठी थांबत नाही. एखाद्याचा डबा सांडला तर तुम्ही ओळ लांबवू शकता, मोबाइल लांबवत नाही. शिवाय पडदा दिसला की हात थांबतात. नाचायचं गाणं तर अजिबात नको. जेवणाआधी अंगात उसळी आणून मग "शांत बसा" म्हणणं ही मुलांची फसवणूकच आहे.

आता आवरून झालं. मुलं सतरंजीवर आली. आता हात धुणं. सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

आपण काय करतो? सगळ्यांची एक रांग लावतो. नळावर एक मूल हात ओले करतं, साबण लावतं, चोळतं, धुतं. लहान मुलाला याला ४० सेकंद सहज लागतात. २४ मुलांची १६ मिनिटं झाली. म्हणजे शेवटचं मूल १५ मिनिटं नुसतं उभं. पुढच्याची वेणी ओढायची नाही तर त्याने दुसरं करायचं तरी काय? त्याला रागावण्यात अर्थ नाही. रांग चुकली आहे.

नळ खरा लागतो फक्त ओलं करायला आणि शेवटी धुवायला. चोळायला नळ लागत नाही. म्हणून सहा-सहा मुलांचे चार गट करा. सहा जण नळापासून दोन पावलं लांब अर्धगोलात उभी. मदतनीसताई तांब्याने सगळ्यांच्या हातांवर थोडं थोडं पाणी घालतात आणि साबण लावतात. मग सहाही जण एकदम चोळतात, गाणं म्हणत. गाणं संपलं की एकामागून एक पुढे येऊन हात धुतात. धुवायला पाच-सहा सेकंद लागतात. एका गटाचं दीड मिनिटात होतं, चारही गटांचं सहा मिनिटांत. पाणीही वाचतं, कारण चोळताना नळ उघडा राहत नाही.

चोळण्याचं गाणं साधारण २० सेकंदांचं हवं. साबणाने हात नीट स्वच्छ व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि हाताचा एकेक भाग त्यात क्रमाने यायला हवा, नाहीतर मुलं नुसते तळवे चोळतात आणि नखं तशीच राहतात. असं काहीतरी:

तळव्यावर तळवा, चोळा चोळा,
फेसाचा झाला पांढरा गोळा.
हाताची पाठ, बोटांची गल्ली,
अंगठ्याची टोपी फेसात गेली.
नखातली माती, जा गं जा,
खिचडी म्हणते, मला खा.

सावकाश एकदा म्हटलं की साधारण २० सेकंद होतात. एकदा घड्याळाचा काटा बघून म्हणून बघा. कमी भरलं तर चाल आणखी संथ करा. "बोटांची गल्ली" आली की बोटांत बोटं घालायची, "टोपी" आली की दुसऱ्या हाताच्या मुठीत अंगठा धरून फिरवायचा, "नखातली माती" आली की नखं दुसऱ्या तळव्यावर घासायची. ज्या दिवशी उसळ असेल त्या दिवशी "उसळ म्हणते" म्हणा. मुलं आधीच विचारायला लागतात, आज कोण म्हणणार?

नळाकडे जायचं कसं, तेही ठरवा. आगगाडी सगळ्यांनाच आठवते. पण पुढच्याचा फ्रॉक धरून चालली की मागचं मूल ओढतं, पुढचं अडखळतं आणि डबे एकमेकांवर येतात. मोकळ्या अंगणात ठीक आहे. नळाजवळ फरशी ओली असते. तिथे ससाही नको, बेडूकही नको, उड्या मारायचं काहीच नको. मांजर बरी.

मऊ मऊ पावलं मांजरीची,
झोपमोड नको उंदराची.

एवढं दोन ओळींचं पुरतं. पाय हलके पडतात आणि तोंड बंद राहतं. आवाज झाला की "उंदीर उठला बरं!" म्हणा. मूल हसतं आणि पुढचं पाऊल हलकं टाकतं. अगदी लहान मुलं असतील आणि रस्ता ओलांडून नळावर जायचं असेल तर जाड दोरीला हातभर अंतरावर गाठी मारा. प्रत्येकाला एक गाठ धरायला द्या. तिथे खेळापेक्षा दोरी बरी, आणि पुढे तुम्ही, मागे मदतनीस.

सहा मुलं कोणती पाठवायची, हेही खेळातच होऊ द्या. "ज्यांच्या अंगावर लाल रंग आहे ती उठा." "ज्यांच्या घरी शेळी आहे ती उठा." "ज्यांच्या नावात 'र' आहे ती उठा." मोठ्यांना नावातला आवाज शोधायला मजा येते, लहानांना रंग सोपा जातो. मुलं स्वतःच्या कपड्यांकडे बघतात, शेजारच्याचं शोधून देतात. भरपूर बोलणं होतं, आणि घाई होत नाही. यात एकच सांभाळा. "ज्यांनी नवे कपडे घातलेत", "ज्यांनी डबा आणलाय" असं काही म्हणू नका. कुणाला उणं वाटेल असं उठवणं नको. आणि रोज तेच मूल शेवटी राहणार नाही याकडे लक्ष ठेवा. दोन-तीन जण शेवटी उरलीच तर त्यांना "साबणवाले" करा. साबणाची डबी आणि टॉवेल तेच नेणार.

एक गट नळावर गेला की सतरंजीवर १८ उरतात. त्यांना "तोंडावर बोट" म्हणू नका. भुकेलं मूल तोंडावर बोट ठेवून तीन मिनिटंही बसत नाही. बसल्या जागी, हातांनी खेळता येईल असं काही घ्या.

"शिवाजी म्हणतो" सगळ्यांना येतं. तोच घ्या, पण बाद करणं काढून टाका. बाद झालेलं मूल काय करणार? उपद्रवच करणार. आणि बाद होतात ती बहुतेक तीन वर्षांचीच, म्हणजे ज्यांना खेळाची सगळ्यात जास्त गरज आहे ती. चुकलं तर हसायचं आणि पुढे जायचं. हुकूम बसल्या बसल्या होतील असे द्या. शिवाजी म्हणतो, कान धरा. शिवाजी म्हणतो, गुडघ्यावर टाळी. हळूहळू आवाज खाली आणा आणि शेवटी हात मांडीवर आणून सोडा.

कोडीही चांगली. घरातलीच घाला, तुम्हीच रचा. "काळा आहे, गोल आहे, चुलीवर बसतो, भाकरीला पाठीवर घेतो." तव्याचं नाव कुणीतरी सांगतंच. कानगोष्टी मात्र या वेळेला घेऊ नका. एका कानातून दुसऱ्या कानात जाईपर्यंत बाकीची मोकळी बसतात आणि आपण पुन्हा रांगेपाशीच येतो.

हात धुऊन आलेली मुलं थेट जेवणाच्या जागी बसतील असं करा. पुन्हा सतरंजीवर आणलीत की धुतलेले हात जमिनीला लागले, केसांत गेले, शेजाऱ्याच्या पाठीवर गेले. पहिला गट बसला की त्यांच्यापुढे ताटल्या ठेवायला सुरुवात करा. पंगत भरेपर्यंत ओल्या हातांचं काय करायचं? हात मांडीवर उताणे ठेवून "पक्ष्याची पिल्लं" करा. पिल्लं वाळत आहेत, पंख पसरून.

मग वाढणं. इथे तुमच्याजवळ एक जुनं साधन आहे, ते नीट वापरा. जेवणाआधीचा श्लोक. आपल्या आज्या-पणज्यांच्या पंगतीत तो याच कामाला येत होता. शब्द रोजचेच, लांबी ठरलेली, हात जोडलेले, म्हणून ताटात जात नाहीत. श्लोक संपला की घास. पण बऱ्याच ठिकाणी तो पहिल्या ताटात खिचडी पडली की लगेच सुरू होतो आणि संपला तरी अर्धी ताटं रिकामी असतात. मग मुलांनी घास घ्यायचा की थांबायचं? श्लोक शेवटचं ताट वाढून झाल्यावरच सुरू करा. खिचडी फार गरम असेल तर तेवढ्यात जरा निवतेही. वेगळ्या धर्माच्या घरची मुलं असतील तर तिथे दोन ओळींचं साधं आभाराचं गाणं करा, ज्यांनी शेतात पिकवलं, ज्यांनी रांधलं, त्यांची नावं घेणारं. स्वयंपाक करणाऱ्या मदतनीसताईंचं नाव त्यात आलं की बघा त्यांचा चेहरा.

हे सगळं एका दिवसात सुरू करू नका. एका वेळी एकच गाणं. आणि नवं गाणं घाईच्या वेळी शिकवू नका. आधी गोलात बसून, हातात काही काम नसताना, तीन-चार दिवस म्हणा. हातवारे बसवा. पाठ झालं की मगच नळावर न्या. पाणी, साबण आणि नवे शब्द एकदम आले तर मुलं काहीच धरत नाहीत.

सुरुवात कुठून करायची? तुमचा आवाज रोज जिथे चढतो तिथून. दोन दिवस फक्त लक्ष ठेवा. "गप्प बसा", "चला लवकर", "ढकलू नका" हे तुम्ही कुठल्या वेळी जास्त म्हणता? त्या वेळेचं गाणं आधी. दोन आठवड्यांनी पुन्हा ऐका. हे शब्द कमी झाले असतील तर गाणं बसलं. तसेच राहिले असतील तर गाणं बदलण्याआधी बघा, मुलं कुठे नुसती थांबून राहत आहेत का. बहुतेक वेळा खोट रांगेत असते आणि दोष गाण्याला मिळतो.

तुम्हाला कंटाळा येईल. मुलांना येणार नाही. तेच गाणं, तीच जागा, तोच क्रम त्यांना हवा असतो. आपल्याला कंटाळा आला म्हणून दर आठवड्याला गाणं बदललं की मुलं पुन्हा पहिल्या पायरीवर. चाल तीच ठेवा आणि एखादा शब्द बदला. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मात्र मुलं विसरलेली असतात. तेव्हा न रागावता पुन्हा गोलात बसून शिकवा.

प्रत्येक कामाचं गाणं वेगळं हवं. आवरायला जे, तेच हात धुवायला, तेच घरी जायला, असं केलंत तर गाणं कानावर पडल्यावर काय करायचं हे मुलाला कळणार कसं? पण दिवसभराला तीन-चार गाणी पुष्कळ झाली. ताई प्रत्येक गोष्टीला गाऊ लागल्या की मुलांचे कान बंद होतात. साधं बोलूनही पुष्कळ काम होतं.

आता काही मुलांबद्दल. २४ मुलांत एखादं असतंच, ज्याला बदल सोसत नाही. खेळ थांबला की ते जमिनीवर आडवं होतं. एखादं मूल गाणं सुरू झालं की कानावर हात ठेवतं. या मुलाला सगळ्यांच्या आधी सांगा, एकट्याला. खांद्यावर हात ठेवून. त्याला एक ठरलेलं काम द्या. घुंगरू वाजवायचं, साबणाची डबी न्यायची. हातात काम असलं की पाय पुढे जातात. कान झाकणाऱ्या मुलाला पहिल्या गटात पाठवा, गोंधळ वाढायच्या आत. तरीही रोज तेच होत असेल, बोलणंही फारसं नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर आईशी बोला आणि आरोग्य केंद्रात दाखवायला सांगा. हे गाण्याने सुटणारं नाही.

काही मुलांच्या घरी मराठी नसते. मेळघाटात कोरकू असेल, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे पावरी, शहरात हिंदी किंवा तेलुगू. या मुलांना तुमची सूचना कळत नाही, पण गाणं आणि हातवारे आधी कळतात. आणखी एक करा. त्यांच्या आईला विचारा, "हात", "पाणी", "ये" याला तुमच्यात काय म्हणता? तो एक शब्द गाण्यात घाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं ते गावातल्या, पाड्यावरच्या मुलांसाठी. महागडी साधनं त्यांच्याजवळ नव्हती. आसपास जे होतं त्यातूनच त्यांनी बालवाडी उभी केली. मुलाच्या घरचा शब्द हे त्यातलं सगळ्यात स्वस्त साधन.

घरी जायच्या वेळेला एक खेळ सांगते. तो माझा नाही, मारिया मॉन्टेसरी यांचा आहे. त्या १९३९ साली मद्रासला आल्या आणि आपल्याकडच्या कितीतरी शिक्षिकांनी त्यांच्याकडून हे शिकून घेतलं. मुलं डोळे मिटून शांत बसतात. ताई दाराशी जाऊन एकेकाचं नाव अगदी हळू, कुजबुजत घेतात. ज्याचं नाव आलं त्याने आवाज न करता उठून यायचं. घरी सोडताना हा खेळ फार कामाचा. दारात आई, आजोबा, मोठा भाऊ उभे असतात. न्यायला आलेलं माणूस आधी डोळ्यांनी बघायचं, मग त्याच मुलाचं नाव घ्यायचं. झुंबड होत नाही, आणि कोण कुणाला घेऊन गेलं हे तुमच्या लक्षात राहतं. अनोळखी कुणी आलं असेल तर नावच घ्यायचं नाही, आधी विचारायचं. तीन वर्षांची मुलं फार वेळ डोळे मिटून बसत नाहीत, म्हणून ज्यांना न्यायला कुणी आलंय अशा लहानग्यांची नावं आधी घ्या.

शेवटी एक घरगुती सोय. महिन्यात कधी तुमची बैठक असते, कधी प्रशिक्षण, कधी ताप. त्या दिवशी मदतनीसताई एकट्या असतात आणि सगळी घडी विस्कटते. म्हणून गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून नळाजवळ आणि खेळण्यांच्या पेटीजवळ लावा. किती फेऱ्या, तेही लिहा. चाल मात्र लिहून कळत नाही. ती त्यांच्याबरोबर चार दिवस म्हणा, आणि पाचव्या दिवशी त्यांना म्हणू द्या, तुम्ही मुलांच्या हातांवर पाणी घाला.